रेस डायरेक्टरने व्हॉलंटियर्सचे आभार मानताना या चुका टाळा

आभाराच्या भाषणात सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. समजा, सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवर ५० किलोमीटरची ट्रेल रेस आहे. पहाटे पाचला सुरुवात, वेल्ह्यात शेवट, कट-ऑफ संध्याकाळी सात. पहिला धावपटू दुपारी बाराच्या सुमारास पोचतो, अडीचला बक्षीस समारंभ होतो, पाहुण्यांना निघायची घाई असते आणि त्याच ओघात माइकवरून ‘सर्व स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार’ उरकले जातात. त्या वेळी समोर असतात बिब वाटणारे, पार्किंग सांभाळणारे आणि मेडल घालणारे. तोरण्याच्या बुधला माचीकडचं एड स्टेशन तेव्हा चालूच असतं. तिथली मंडळी शेवटचा धावपटू पुढे गेल्यावर रिकामे कॅन आणि कचऱ्याची पोती घेऊन गड उतरणार. स्वीपर तर सगळ्यांच्याही मागे. ज्यांनी दिवसभर ऊन खाल्लं, त्यांच्या कानावर आभाराचा शब्दही पडत नाही.

म्हणून बक्षीस समारंभात दोनच वाक्यं बोला आणि त्यात स्पष्ट सांगा की निम्मी टीम अजून डोंगरावर आहे. खरं भाषण ठेवा स्वीपर खाली आल्यावर, प्रत्येक एड स्टेशनच्या प्रमुखाने ‘आमचे सगळे पोचले’ असं कळवल्यावर. तेही जेवणं झाल्यावर, चहाचे कप हातात असताना. उपाशी माणसाला भाषण ऐकवू नये. पाच मिनिटं पुरतात. विंझरसारखी सुरुवातीची स्टेशनं दुपारपर्यंत बंद होतात आणि तिथली मुलं परस्पर घरी जातात. त्यांना त्याच संध्याकाळी फोन करा. ग्रुपवरचा मेसेज त्या फोनची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी चूक म्हणजे कुणालाही लागू पडेल असं बोलणं. ‘तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं’ हे खरंच असतं, पण त्यातून कुणी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे असं दिसत नाही. डायरेक्टर दिवसभर फिनिश लाइनवर किंवा फोनवर असतो, त्याने डोंगरावरचं काही पाहिलेलं नसतं. ही माहिती आधीच गोळा करावी लागते. स्टेशन बंद झाल्याचा फोन येतो तेव्हाच तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: शेवटचा धावपटू किती वाजता गेला, काय संपत आलं होतं, कुणाला थांबवावं लागलं का. मग भाषणात म्हणता येतं: “संजीवनी माचीवर दुपारी एक धावपटू चक्कर येऊन बसला. आपल्या दोघांनी त्याला सावलीत घेतलं, त्याचा बिब नंबर कंट्रोलला कळवला आणि तो पुढे जायचा हट्ट करत असतानाही त्याला सोडलं नाही.” असं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त पोचतं. धावपटूचं नाव मात्र घेऊ नका.

नावांची यादी वाचायचा मोह आवरा. शंभर नावांत एक गळतंच आणि ते नेमकं समोर बसलेलं असतं. त्याऐवजी वाटेच्या क्रमाने जा: आदल्या दिवशी रिबिनी बांधणारे, सुरुवातीचं स्टेशन, पुढची एकेक, मग स्वीपर, डॉक्टर, पाणी वर नेणारे गावकरी, आणि उद्या रिबिनी काढायला जाणारे. प्रत्येक जागेला उभं राहायला सांगा. नकाशा हातात असला की एकही जागा सुटत नाही.

काही बिघडलं असेल, तर ते गिळून पुढे जाऊ नका. समजा, राजगडावरच्या स्टेशनचं पाणी अकरालाच संपलं. शिव्या तिथल्या पोरांनी खाल्ल्या, अंदाज मात्र तुमचा चुकला होता. भाषणाच्या सुरुवातीलाच, सर्वांसमोर बोला: “राजगडावर पाणी कमी पडलं. हिशेब माझा चुकला, तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत.” खुलासे देत बसू नका. ‘उन्हामुळे जास्त लागलं’ असं जोडलंत, की कबुलीतला जीव जातो.

प्रायोजकांचे आभार बक्षीस समारंभातच संपवा आणि पुढच्या वर्षीची तारीख या भाषणात आणू नका. पाय दुखत असलेल्या माणसाला ते नवं काम वाटतं.

एवढं करूनही कुणी राहिलंच, तर ओळखायचं कसं? एरवी ग्रुपवर फोटो टाकणारा स्टेशनप्रमुख अचानक गप्प होतो, किंवा सामान परत करायला स्वतः न येता दुसऱ्याच्या हाती पाठवतो. तेव्हा ‘कुणी राहिलं असल्यास क्षमस्व’ असं मोघम लिहू नका. आधी त्याला फोन करा, त्याच्या टीमने काय केलं ते त्याच्याकडूनच ऐकून घ्या आणि मग ग्रुपवर त्या स्टेशनचं नाव आणि काम लिहून टाका.