बियाणे कंपनीचा तिमाही निकाल: वाचायचा कसा आणि मोंढ्यातल्या माणसाला सांगायचा कसा

जून संपला की कापसाच्या बियाण्याचा हंगामही संपत येतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना एप्रिल ते जून या तिमाहीचा हिशेब ४५ दिवसांत, म्हणजे १४ ऑगस्टपर्यंत जाहीर करावा लागतो. त्या आठवड्यात बियाणे कंपन्यांचे निकाल येतात आणि मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा लागतो, ‘बियाणे कंपनीच्या नफ्यात घसघशीत वाढ’. ज्यानं जूनमध्ये दुकानासमोर रांगेत उभं राहून सरकीच्या बॅगा नेल्या, तो हा मथळा फार बारकाईनं वाचतो, कारण त्यातला पैसा त्याच्या खिशातून गेलेला असतो. त्याला खरं काय झालं ते सांगायचं असेल, तर निकालाचा कागद कसा वाचावा, हे एका उदाहरणातून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, आकडे सोपे करून घेतले आहेत आणि तिचा जवळजवळ सगळा धंदा कपाशीच्या बियाण्याचा आहे असं धरू. हिशेबाची मांडणी मात्र खऱ्या निकालात असते तशीच आहे.

आधी योग्य कागद उघडा. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकावरून बातमी करू नका. त्यात आकडे खोटे नसतात, पण कोणते आकडे वर ठेवायचे हे कंपनीनं ठरवलेलं असतं. bseindia.com किंवा nseindia.com वर कंपनीचं नाव टाकलं की संचालक मंडळाच्या बैठकीनंतर पाठवलेला मूळ निकाल मिळतो. त्यात बहुतेक वेळा दोन तक्ते असतात, एक फक्त कंपनीचा आणि दुसरा उपकंपन्या धरून सगळ्यांचा एकत्रित. बातमीसाठी एकत्रित तक्ता घ्या आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा. महसूल एका तक्त्यातला नि नफा दुसऱ्यातला, ही चूक घाईच्या संध्याकाळी हमखास होते.

तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘लाखांत’ किंवा ‘कोटींत’ असं लिहिलेलं असतं. ते सगळ्यात आधी वाचा. सुरुवातीच्या वर्षात मी लाखांतला आकडा कोटींत छापायला दिला होता. पान सुटण्याआधी डेस्कवरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘अरे, एवढ्या पैशात जिल्ह्यातलं सगळं रान विकत येईल की.’’ तेव्हापासून आकडा लिहिला की तो आपल्या ओळखीच्या कशाच्या तरी शेजारी ठेवून पाहायची सवय लागली.

आता आपल्या कंपनीचा निकाल. आकडे कोटी रुपयांत आहेत.

| | जून २०२५ तिमाही | मार्च २०२५ तिमाही | जून २०२४ तिमाही |
|---|---|---|---|
| बियाण्याची विक्री | ६२४ | ९१ | ६०० |
| इतर उत्पन्न | २६ | ९ | ११ |
| एकूण खर्च | ४३० | १०७ | ४०१ |
| जमीन विकून झालेला नफा | १८ | – | – |
| कर | १४ | – | १० |
| निव्वळ नफा | २२४ | तोटा ७ | २०० |

पहिला फसवा रकाना मधला आहे. छापील निकालात आताच्या तिमाहीला लागून आधीची तिमाही असते, त्यामुळे नजर आपोआप तिकडे जाते. ७ कोटींच्या तोट्यातून २२४ कोटींच्या नफ्यात, आणि विक्री जवळजवळ सातपट! पण कापसाचं बियाणं मार्चात कोण विकत घेतं? लावणी मृगाच्या पावसावर होते, बॅगा मे-जूनमध्ये जातात आणि कंपनीची वर्षभराची बहुतेक कमाई या एकाच तिमाहीत होते. जूनची मार्चशी तुलना करणं म्हणजे पोळ्याच्या आठवड्यातला बैलबाजार एरवीच्या बाजाराशी ताडून पाहणं. बियाणे कंपन्या निकालाखालच्या टिपांत स्वतःच लिहितात की धंदा हंगामी आहे, एका तिमाहीवरून वर्षाचा अंदाज बांधू नये. ती टीप कुणी वाचत नाही. म्हणून जूनची तुलना मागच्या वर्षीच्या जूनशी करा आणि मधला रकाना बोटानं झाकून ठेवा. मी खरोखरच झाकतो.

तशी तुलना केली की नफा २०० वरून २२४ कोटी झालेला दिसतो, म्हणजे १२ टक्के वाढ. कंपनीच्या पत्रकातही हाच आकडा ठळक असणार, आणि तो बरोबरच आहे. पण २४ कोटींची ही वाढ कुठून आली? इथं घाई करू नका, बातमी इथंच सापडते.

वजाबाकी आपली आपण करायची. बियाणं विकून आले ६२४ कोटी, खर्च झाला ४३०, उरले १९४. मागच्या वर्षी ६०० आले, ४०१ खर्च झाले, उरले १९९. म्हणजे बियाण्याच्या धंद्यातून उरलेली रक्कम ५ कोटींनी कमी झाली! मग नफा वाढला कसा? ‘इतर उत्पन्न’ ११ वरून २६ कोटींवर गेलं. ठेवींवरचं व्याज, गुंतवणुकीवरचा फायदा असं सगळं या ओळीत येतं. शिवाय एक जमीन विकून १८ कोटींचा नफा झाला, जो निकालात ‘एक्सेप्शनल आयटम’ या नावाखाली दाखवलेला असतो. ही जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही. एखाद्या शेतकऱ्यानं सोयाबीनच्या पैशात प्लॉट विकल्याचे पैसे मिळवून ‘यंदा पीक चांगलं झालं’ असं सांगितलं, तर घरचे लोक त्याला काय म्हणतील, तेच आपण इथं सभ्य भाषेत लिहायचं.

कराचा आकडा पाहून वाचक चमकतो. २३८ कोटींवर फक्त १४ कोटी कर? यात लपवाछपवी आहे असं गृहीत धरू नका. शेतजमिनीवर पिकवलेल्या बियाण्याचं उत्पन्न शेतीउत्पन्न म्हणून दाखवता येतं आणि शेतीउत्पन्नाला आयकर लागत नाही, त्यामुळे या धंद्यात कर कमी दिसतो. एका वाक्यात एवढं सांगितलं तरी उद्याचे चार फोन वाचतात.

आता विक्रीकडे वळू. ६०० वरून ६२४ म्हणजे ४ टक्के वाढ. ‘मागणी वाढली’ असं लिहायचा मोह होतो, पण आधी बॅगेचा दर आठवा. बीटी कापसाच्या बियाण्याचा कमाल दर केंद्र सरकार ठरवतं. बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा दर २०२४ च्या हंगामात ८६४ रुपये होता, २०२५ मध्ये तो ९०१ झाला. ही वाढ साधारण सव्वाचार टक्के. दर सव्वाचार टक्के वाढला आणि विक्रीची रक्कम चार टक्के, तर बॅगा वाढल्या कुठं? जवळपास तेवढ्याच गेल्या असाव्यात, कदाचित थोड्या कमी. ‘असाव्यात’ हा शब्द बातमीत राहू द्या. कंपनीच्या हाती पूर्ण कमाल दर पडत नाही, विक्रेत्याचं कमिशन जातं, आणि ते दोन्ही वर्षी सारखंच होतं की नाही हे निकालात दिसत नाही. बॅगांचा खरा आकडा हवा असेल तर गुंतवणूकदारांशी कंपनीची फोनवर चर्चा होते, तिचा लेखी मजकूर वाचा. तोही बाजाराच्या त्याच संकेतस्थळांवर येतो, आणि तिथं कुणीतरी हाच प्रश्न विचारलेला असतो.

एक गोष्ट मात्र पुण्या-मुंबईच्या वार्ताहरापेक्षा आपल्याला जास्त चांगली कळू शकते. जूनमध्ये कंपनीनं बॅग विक्रेत्याला दिली की ती विक्री धरली जाते. पण न खपलेल्या बॅगा विक्रेता पुढे परत पाठवतो. किती परत येतील याचा अंदाज करून कंपनी तेवढी रक्कम आधीच वजा करते, म्हणजे जूनच्या आकड्यात अंदाजाचा एक भाग असतोच. पाऊस लांबला आणि शेतकरी कपाशी सोडून सोयाबीनकडे वळला, तर परतीचा माल अंदाजापेक्षा जास्त होतो आणि त्याचा फटका सप्टेंबरच्या तिमाहीत दिसतो. म्हणून निकालाच्या दिवशी मोंढ्यात दोन-तीन कृषी सेवा केंद्रांत चक्कर मारा आणि नेमकं विचारा: या कंपनीच्या किती बॅगा आल्या, किती पडून आहेत, परतीचा माल उचलायला गाडी येऊन गेली का? दुकानदार सुरुवातीला ‘माल चांगला गेला’ म्हणेल. मागच्या गोदामात थप्पी किती उंच आहे, हे चहा होईपर्यंत कळतं. मात्र तीन दुकानांवरून कंपनीचा निकाल ठरवू नका. ती माहिती बातमीत ‘जालन्यातल्या तीन विक्रेत्यांनी सांगितलं’ अशीच जायला हवी.

आता लिहायचं. ‘करपूर्व’, ‘मार्जिन’, ‘वार्षिक तुलनेत’ हे शब्द बाजूला ठेवा आणि शंभर रुपयांचा हिशेब मांडा. मागच्या वर्षी शंभर रुपयांच्या बियाण्यामागे सगळा खर्च जाऊन कंपनीकडे ३३ रुपये उरत होते, यंदा ३१ उरले. एवढं वाक्य पुरतं. माझी बातमी साधारण अशी असती:

‘कंपनीला एप्रिल ते जून या तीन महिन्यांत २२४ कोटी रुपये नफा झाला. मागच्या वर्षी याच काळात तो २०० कोटी होता. मात्र ही वाढ बियाण्यातून आलेली नाही. एक जमीन विकून झालेल्या नफ्याचे १८ कोटी आणि व्याज-गुंतवणुकीतून वाढलेले १५ कोटी त्यात आहेत. बियाण्याच्या धंद्यातून उरलेली रक्कम १९९ कोटींवरून १९४ कोटींवर आली. विक्री ४ टक्क्यांनी वाढली, पण सरकारनं बॅगेचा दर त्याहून किंचित जास्त वाढवला होता. त्यामुळे विकलेल्या बॅगा वाढल्याचं दिसत नाही. न खपलेल्या बॅगा अजून परत यायच्या आहेत. हे आकडे लेखापरीक्षकांनी वरवर तपासलेले आहेत, पूर्ण लेखापरीक्षण झालेलं नाही.’

शेअर त्या दिवशी वर गेला की खाली, हे मी शेवटच्या ओळीत देतो किंवा देतच नाही. ‘निकालामुळे शेअर घसरला’ असं लिहायला आपल्याकडे पुरावा नसतो. आणि खर्च का वाढला याचं उत्तर निकालात नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि किती वाजेपर्यंत उत्तर हवं ते त्यात लिहा. उत्तर आलं नाही तर तेवढंच छापा, आपल्या मनानं ‘मजुरी महागली’ असं कारण जोडू नका.

एक मोठा प्रश्न तरीही राहतो, विक्रेत्यांकडून पैसे आले का? जूनच्या निकालात ताळेबंद नसतो, रोख किती आली-गेली याचा तक्ताही नसतो. हे दोन्ही सहामाहीच्या, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या निकालासोबत येतात आणि त्याची शेवटची तारीख १४ नोव्हेंबर असते. म्हणून ऑगस्टची बातमी पाठवली की डायरीत नोव्हेंबरच्या पानावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात: ‘येणी किती थकली?’ आणि ‘परतीच्या बॅगांचा अंदाज चुकला का?’ गेल्या काही वर्षांत माझ्या जास्त वाचल्या गेलेल्या बातम्या ऑगस्टच्या नव्हत्या, या पानावरच्या होत्या.