‘वाचन सुधारणे’ मोजायचं कसं? माझा अनुभव

आमच्या संस्थेच्या नऊ शाळा. उद्दिष्ट होतं, ‘तिसरीची मुलं समजून वाचतील’. त्याखाली निकाल म्हणून लिहिलं होतं: शिक्षकांची सहा प्रशिक्षणं, प्रत्येक वर्गात वाचनकोपरा. वर्षअखेर दोन्ही शंभर टक्के पूर्ण, आणि मुलं अजून अक्षरं जुळवतायत!

मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावला: हे सगळं झालं आणि तरी मुलाला वाचता आलं नाही, असं होऊ शकतं का? उत्तर ‘हो’ आलं की ती ओळ निकाल नाही, नुसतं काम. ती कामांच्या यादीत गेली.

नवा निकाल केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणित अभियानाच्या निकषावरून घेतला: तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थासह. जूनमध्येच पायाभूत चाचणी घेतली, नाहीतर वाढ कशाशी ताडायची? उतारा न पाहिलेला, तपासणारे शिक्षक दुसऱ्या शाळेचे.

तरी एक भोक राहिलंच. एका शाळेची टक्केवारी फारच छान आली. पाहिलं तर कच्ची मुलं त्या दिवशी गैरहजर! आता टक्केवारी हजेरीवर नाही, पटावर काढतो. राहिलेल्यांची चाचणी आठवडाभरात.