या चुका टाळा: सीरम बायोकेमिस्ट्रीचा रिपोर्ट आणि ‘किडनी फेल’ची घाई

४ वर्षांचा कुत्रा. तीन दिवसांपासून उलट्या, खाणं बंद आणि आज सकाळपासून उभं राहताना मागचे पाय लटपटतात. गेल्या तीन महिन्यांत असंच दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा सलाइन लावल्यावर तो दोन दिवसांत टुणटुणीत झाला होता, असं मालक सांगतात. तपासणीत नाडी दुबळी, निर्जलीकरण सुमारे ८ टक्के आणि हृदयाचे ठोके मिनिटाला फक्त ६०. रिपोर्टमधले मुख्य आकडे असे:

- बीयूएन ७८, क्रिएटिनिन ३.६, फॉस्फरस ८.१ मिग्रॅ प्रति डेसिलिटर
- सोडियम १२८, पोटॅशियम ७.१ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर
- ग्लुकोज ६२, कॅल्शियम ११.९, कोलेस्टेरॉल ११२ मिग्रॅ प्रति डेसिलिटर
- अल्ब्युमिन २.३ ग्रॅम प्रति डेसिलिटर
- एएलटी किंचित वाढलेलं, एएलपी नॉर्मल
- मूत्राची विशिष्ट घनता १.०१८

हा रिपोर्ट विद्यार्थ्यांसमोर ठेवला की पहिलं उत्तर हमखास ‘किडनी फेल’ असं येतं. उत्तर चुकलं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की सहा आकडे त्या उत्तराच्या विरोधात उभे असतात आणि ते कुणी वाचलेलेच नसतात. म्हणून ही एकच केस घेऊन उजळणी करू.

चूक पहिली: नमुन्याची चौकशी न करता आकड्यांवर विश्वास ठेवणे

पोटॅशियम ७.१ दिसलं की आधी विचारा, हे पोटॅशियम कुत्र्याच्या रक्तातलं आहे की नळीतलं? जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं. रक्त आधी त्या नळीत भरून उरलेलं साध्या नळीत ओतलं, किंवा सुईचं टोक त्या नळीला लागलं, की पोटॅशियम खोटं वाढतं. पण ही भेसळ एकाच आकड्यावर थांबत नाही. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम कोसळतं. एएलपीला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं आणि तेही ईडीटीएच्या तावडीत जातं, म्हणून एएलपीही घसरतं. आपल्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम उलट वाढलेलं आहे आणि एएलपी नॉर्मल आहे. म्हणजे भेसळीचा संशय मिटला, तोही पुन्हा रक्त न काढता.

दुसरा संशय हिमोलिसिसचा. इथे प्राण्याची जात महत्त्वाची ठरते. घोड्याच्या लाल पेशींत पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की ते सीरममध्ये उतरतं. बहुतेक कुत्र्यांच्या लाल पेशींत ते कमी असतं, पण अकिता आणि शिबासारख्या जातींमधल्या काही कुत्र्यांत ते जास्त असतं. आपला कुत्रा त्या जातींचा नाही आणि सीरमही स्वच्छ पिवळसर होतं. गुठळी होताना प्लेटलेट्सही पोटॅशियम सोडतात, पण त्यांची संख्या इथे नॉर्मल होती.

तिसरा संशय ग्लुकोजवर घ्यायचा. सीरम वेगळं न करता रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि साधारण तासाला ५ ते १० टक्के घट होते. म्हणून ६२ वर लगेच विश्वास ठेवायचा नाही. या केसमध्ये सीरम अर्ध्या तासात वेगळं केलं होतं आणि फ्लोराइड असलेल्या राखाडी झाकणाच्या नळीतलं ग्लुकोजही ६० आलं. आता ते खरं मानता येतं.

चूक दुसरी: लघवी न बघता क्रिएटिनिनचा अर्थ लावणे

बीयूएन आणि क्रिएटिनिन वाढले याचा अर्थ गाळण कमी झालं, एवढाच. कारण किडनीच्या आधी, किडनीत किंवा किडनीच्या पुढे कुठेही असू शकतं. पुढचं कारण हातानेच तपासता येतं. मूत्राशय फुगलेलं आहे का, लघवी होते आहे का, पोटात मोकळं पाणी आहे का? मूत्रमार्ग अडला किंवा मूत्राशय फाटलं तरी ॲझोटेमिया आणि वाढलेलं पोटॅशियम जोडीने येतात, म्हणून ही पायरी वगळू नका. आपल्या कुत्र्याचं मूत्राशय लहान होतं, तो नीट लघवी करत होता आणि सोनोग्राफीत मोकळं पाणी नव्हतं.

उरले दोन पर्याय. इथे पुस्तकी नियम असा की निर्जलीकरण झालेल्या कुत्र्याच्या मूत्राची घनता १.०३० च्या वर असेल तर किडनी आपलं काम करते आहे. मांजरात ही रेषा १.०३५ धरतात. लघवी मात्र सलाइन लावायच्या आधी घेतलेली हवी, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आपला आकडा १.०१८ आहे. मग किडनीच बिघडली ना? बहुतेक जण इथेच घसरतात, कारण त्यांनी नियम पाळलेला असतो. पण मूत्र घट्ट करायला किडनीच्या आतल्या भागात, मेड्युलात, सोडियमचा साठा लागतो. शरीरातून सोडियम सतत वाहून जात असेल तर तो साठा विरतो आणि किडनीची रचना धड असूनही मूत्र पातळच राहतं. सोडियम १२८ असताना १.०१८ हा आकडा किडनीविरुद्धचा पुरावा म्हणून कमकुवत आहे. घनतेचा आकडा नेहमी सोडियमच्या शेजारी ठेवून वाचा. कॅल्शियम वाढलेलं असेल किंवा कुत्र्याला फ्युरोसेमाइड दिलं असेल तरीही असंच सावध राहायचं.

चूक तिसरी: जे असायला हवं होतं पण नाही, ते न पाहणे

माझ्या मते पॅनेल वाचण्यातलं खरं कौशल्य इथे आहे. रिपोर्टवरचे वर-खाली बाण फक्त मर्यादेबाहेरचे आकडे दाखवतात. ‘या प्राण्यात हा आकडा असा नसायला हवा होता’ हे कोणताही बाण सांगत नाही. आणि बाणांनाही फार भाव देऊ नये. संदर्भ-मर्यादा ९५ टक्के निरोगी प्राण्यांवर बेतलेली असते. त्यामुळे २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर निरोगी प्राण्यातही किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. आपल्या रिपोर्टमधलं किंचित वाढलेलं एएलटी मी म्हणूनच सध्या बाजूला ठेवतो.

आता अपेक्षा मांडून बघा. ८ टक्के पाणी कमी झालेल्या कुत्र्यात अल्ब्युमिन चढलेलं किंवा निदान नॉर्मलच्या वरच्या अंगाला असायला हवं. इथे ते २.३ आहे, आणि पाणी भरून काढलं की आणखी खाली जाईल. रक्तदाब पडत असलेल्या कुत्र्याचं हृदय धावायला हवं, ते ६० वर आहे. याचं कारण पोटॅशियममध्ये सापडतं, म्हणून तेव्हाच ईसीजी लावायचा. आजारी, तणावातल्या कुत्र्याचं ग्लुकोज थोडं वर असायला हवं, ते खाली आहे. आणि किडनीच्या जुनाट आजारात लघवी होत असेल तोवर पोटॅशियम सहसा नॉर्मल किंवा कमीच राहतं. ते चढतं ते लघवी आटल्यावर. आपल्या कुत्र्याला लघवी होते आहे.

एवढ्यावर सीबीसीचा कागद मागवा. इतक्या आजारी कुत्र्यात कॉर्टिसोलच्या प्रभावाने लिम्फोसाइट्स घटलेल्या आणि इओसिनोफिल्स जवळपास नाहीशा झालेल्या असतात. इथे लिम्फोसाइट्स ३,४०० आणि इओसिनोफिल्स ९०० आहेत. एखाद्या निवांत, निरोगी कुत्र्याला शोभतील असे हे आकडे आहेत आणि मरणाच्या दारातल्या कुत्र्यात तेच सगळ्यात बोलके ठरतात. कॉर्टिसोल कुठे गेलं?

हा प्रश्न पडला की बाकीचे आकडे आपोआप जुळतात. अल्डोस्टेरॉन नाही, म्हणून सोडियम वाहून गेलं, पोटॅशियम साठलं, रक्ताचं आकारमान घटलं आणि गाळण मंदावलं. बीयूएन, क्रिएटिनिन आणि फॉस्फरस त्यामुळे चढले. कॉर्टिसोल नाही, म्हणून ग्लुकोज खाली आणि पचनमार्ग नाजूक. या आजारात अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल कमी झालेलं अनेकदा दिसतं, तसंच काही कुत्र्यांत कॅल्शियमही वाढतं. संशय ॲडिसनचा, म्हणजे हायपोॲड्रेनोकॉर्टिसिझमचा आहे. सलाइनने दोनदा ‘बरा’ झाल्याची हकिगतही आता वेगळी वाटते. आजार तसाच होता, सलाइनमधल्या सोडियमने त्याला तात्पुरतं सावरलं होतं.

अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि ग्लुकोज तिन्ही कमी दिसल्यावर यकृत निकामी झाल्याचा विचार मनात आला असेल तर तो चुकीचा नाही. यादीत ठेवा. तो एकटा मात्र पोटॅशियम आणि लिम्फोसाइट्स समजावून देत नाही.

चूक चौथी: गुणोत्तरालाच निदान समजणे

सोडियमला पोटॅशियमने भागा: १२८ भागिले ७.१, म्हणजे साधारण १८. गुणोत्तर २७ च्या खाली गेलं की ॲडिसनचा संशय धरतात. परीक्षेत हे लिहा, पण ‘निदान’ हा शब्द वापरू नका. आतड्यातल्या व्हिपवर्मचा जोरदार प्रादुर्भाव हुबेहूब असंच चित्र उभं करतो. छातीतलं काइलस पाणी वारंवार काढलेल्या कुत्र्यातही हे गुणोत्तर पडतं. उलट बाजूने, काही ॲडिसन रुग्णांत सोडियम-पोटॅशियम पूर्ण नॉर्मल असतात, फक्त कॉर्टिसोलची कमतरता असते. तिथे कमी अल्ब्युमिन, कमी कोलेस्टेरॉल आणि आजाराला न शोभणाऱ्या लिम्फोसाइट्स एवढाच माग उरतो.

खात्री एसीटीएच चाचणीने होते. आधी साधं बेसल कॉर्टिसोल मोजलं तरी चालतं. ते २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ॲडिसन जवळजवळ नाकारता येतो. खाली असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी कुत्र्यातही ते कमी येऊ शकतं. मग कृत्रिम एसीटीएच ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो शिरेतून देऊन तासाभराने पुन्हा नमुना घ्यायचा. आपल्या कुत्र्यात दोन्ही नमुने १ च्या खाली निघाले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कुत्रा कोसळतो आहे म्हणून कुणीतरी आधीच प्रेडनिसोलोन टोचलेलं असतं. कॉर्टिसोलच्या चाचणीत प्रेडनिसोलोन कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जाऊ शकतं आणि निकाल खोटा वर येतो. थांबणं शक्यच नसेल तर डेक्सामेथासोन द्यायचं, कारण ते चाचणीत मिसळत नाही. आधीच्या आठवड्यांत स्टेरॉइड चालू होतं का, हेही मालकांना स्पष्ट विचारायचं. दडपलेल्या ॲड्रिनलचा निकालही सपाटच येतो.

उपचार चाचणीसाठी अडवून ठेवायचे नाहीत. सलाइन लगेच सुरू करायचं, नमुने मधल्या वेळात निघतात. या कुत्र्याचं क्रिएटिनिन ४८ तासांनी १.३ वर आलं. किडनी खरोखर निकामी असती तर दोन दिवसांच्या सलाइनने ते इतकं खाली येणं अवघड होतं. मूत्राची घनता मात्र तेव्हाही पातळच होती. सोडियम स्थिरावल्यावर, काही आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासल्याशिवाय तिच्यावरून किडनीबद्दल काही लिहू नका.