पहिल्या भूमिकेसाठी अभिनयाची पुस्तकं कशी वाचावीत

हौशी नाट्यसंस्थेत पहिली भूमिका मिळाली की बहुतेक जण अभिनयावरची चार-पाच पुस्तकं गोळा करतात आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतात. तालमी साधारण सहा आठवडे चालतात. तेवढ्यात ही पुस्तकं वाचून होत नाहीत, आणि जे वाचलं त्याचा आपल्या प्रवेशाशी संबंधही लागत नाही. त्यापेक्षा दोनच पुस्तकं घ्यावीत, त्यांतली नेमकी प्रकरणं वाचावीत, आणि वाचताना आपली संहिता व पेन्सिल शेजारी असू द्यावी.

त्याआधी संहिता तीनदा वाचा. पहिल्यांदा सगळं नाटक एका बैठकीत. दुसऱ्यांदा तुमच्या पात्राबद्दल इतर पात्रं काय बोलतात ते टिपत. तिसऱ्यांदा तुमच्या प्रत्येक प्रवेशाआधी पात्र कुठून आलं आणि काय करून आलं हे शोधत. हे झाल्याशिवाय अभिनयाचं पुस्तक उघडलं, तर त्यातल्या सूचना अधांतरी राहतात.

पहिलं पुस्तक: स्तानिस्लाव्स्की, पण सगळा नाही

'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' हे रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीचं पुस्तक इंग्रजीत 1936 साली आलं. के. नारायण काळे यांनी ते 'अभिनय साधना' या नावाने मराठीत आणलं. नाट्यशाळेतल्या कोस्त्या नावाच्या विद्यार्थ्याची ही काल्पनिक रोजनिशी आहे, त्यामुळे ती कादंबरीसारखी वाचत सुटण्याचा मोह होतो. तो आवरा. पहिल्या आठवड्यात तिसरं प्रकरण वाचा, ते कृतीवर आहे. दुसऱ्या आठवड्यात सातवं, ते प्रवेशाचे तुकडे आणि उद्दिष्टं यांवर आहे.

तिसऱ्या प्रकरणात मारिया नावाच्या विद्यार्थिनीला पडद्यात खोचलेली पिन शोधायला सांगतात. ती रंगमंचभर धावते, डोकं धरते, छाती बडवते, आणि आपण मनापासून केलं म्हणून खूश होते. शिक्षक विचारतो, पिन कुठे आहे? ती शोधायचंच विसरलेली असते. मग पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल असं तो सांगतो, तेव्हा ती पडद्याची घडी अन् घडी चाचपून बघते. नवख्या नटाची सगळ्यात मोठी अडचण एवढ्यात आली आहे: तो भावना दाखवायला जातो आणि काम करायचं विसरतो.

सातव्या प्रकरणाचा उपयोग थेट संहितेवर करायचा. एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही धाकट्या बहिणीची भूमिका करता आहात. रात्री उशिरा ती भावाच्या घरी येते. तिचे संवाद असे: "दादा, झोपला होतास का?" "वहिनी कशी आहे?" "मी पैसे मागायला आले नाही." "सकाळी लवकर निघेन." शेवटी, "बरं, जाते मी."

बहुतेक नट समासात लिहितात, "ती दुःखी आहे." हे करून दाखवता येत नाही, कारण दुःखी असणं ही कृती नव्हे. पाचही वाक्यं मग एकाच रडवेल्या सुरात येतात. उद्दिष्ट क्रियापदात लिहा, आणि ते समोरच्या माणसाकडून काहीतरी मिळवण्याचं असू द्या: "दादाने मला आज रात्री थांब म्हणावं." आता पेन्सिलीने तुकडे पाडा. पहिल्या दोन वाक्यांत ती अंदाज घेते. तिसऱ्यात त्याची शंका दूर करते. चौथ्यात ओझं हलकं करून दाखवते. पाचव्यात शेवटचा डाव टाकते, की जाते म्हटल्यावर तरी तो अडवेल. पाच वाक्यांची चार वेगळी कामं झाली, आणि सूर आपोआप बदलले. पाचव्या वाक्यानंतर दाराकडे किती हळू चालायचं हेसुद्धा इथूनच कळतं. पेनाने मात्र लिहू नका. दिग्दर्शक हालचाली बदलतो आणि तुकड्यांच्या सीमाही सरकतात.

नववं प्रकरण, भावस्मृतीचं, तालमी चालू असताना वाचू नये असं आमचं ठाम मत आहे. नवखा नट ते वाचून स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवत बसतो आणि समोरच्याचं बोलणं ऐकायचं थांबवतो. लक्षणं लगेच दिसतात: सहकाऱ्याने वाक्य वेगळ्या पद्धतीने म्हटलं तरी तुमचं उत्तर तसंच येतं, विराम लांबत जातात, सहा मिनिटांचा प्रवेश आठ मिनिटं चालतो. असं झालं तर पुस्तक बाजूला ठेवा आणि पुन्हा उद्दिष्टाकडे या.

यामागे प्रकाशनाचा एक इतिहासही आहे. अंतर्गत तयारी आणि शरीर-आवाजाची बाह्य तयारी या दोन्ही गोष्टी स्तानिस्लाव्स्कीला एकाच कामाची अंगं म्हणून मांडायच्या होत्या. 1938 साली तो गेला, आणि बाह्य तयारीचा भाग 'बिल्डिंग अ कॅरेक्टर' या नावाने इंग्रजीत यायला 1949 साल उजाडलं. 1936 पासूनची मधली तेरा वर्षं इंग्रजी वाचकांपुढे अंतर्गत तयारीचा पहिलाच खंड होता, त्यामुळे अभिनय म्हणजे आत काहीतरी वाटणं, असा ग्रह पक्का होत गेला. पहिलाच खंड वाचून थांबणाऱ्याचा तो आजही होतो.

दुसरं पुस्तक: आवाजाचं

म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून, पाठांतर होत आलं की, आवाजाचं पुस्तक घ्या. मराठीत डॉ. श्रीराम लागू यांचं 'वाचिक अभिनय' आहे. इंग्रजी वाचायची सवय असेल तर सिसिली बेरी यांचं 'व्हॉइस अँड द ॲक्टर' (1973) घ्या. त्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत आवाजाच्या मार्गदर्शक होत्या. असं पुस्तक नुसतं वाचून काहीच होत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं उभं राहून, मोठ्याने, आपल्याच संवादांवर काम करायचं.

मराठी बोलताना एक गोष्ट खास सांभाळावी लागते. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात, आणि नवख्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. "मी पैसे मागायला आले नाही" यातला "नाही" गिळला गेला, तर शेवटच्या रांगेत उलटा अर्थ पोचतो आणि भावाचं पुढचं वाक्य प्रेक्षकाला कळत नाही. तपासायचं असं: एका सहकाऱ्याला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि तुमच्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कागदावर लिहायला सांगा. जिथे जागा कोरी राहील तिथे वाक्याआधी श्वास घ्या, आणि शेवटच्या शब्दापर्यंत जोर टिकवा. नुसता आवाज चढवला तर वाक्याची सुरुवात मोठी होते, शेवट तसाच पडतो.

व्हायोला स्पोलिन यांचं उत्स्फूर्त अभिनयाच्या खेळांचं पुस्तक (1963) उत्तम आहे, पण ते खेळ गटाने खेळायचे आहेत. घरी एकट्याने वाचण्यापेक्षा ते दिग्दर्शकाला दाखवा. तालमीआधी पंधरा मिनिटं देता आली तर त्यातला एखादा खेळ घेता येईल.

तालमीत पुस्तकातली परिभाषा वापरू नका. दिग्दर्शक "इथे जरा रागाने घे" म्हणाला, तर हे उद्दिष्ट नाही म्हणून वाद घालायचा नसतो. त्याला हवा तो राग कोणत्या कृतीतून येईल ते तुम्ही शोधायचं: टोचून बोलणं, गप्प बसवणं, की जाब विचारणं. क्रियापद वहीत राहू द्या, त्याला फक्त परिणाम दाखवा.

शेवटच्या आठवड्यात आवाजाच्या सरावाखेरीज काही वाचू नका. प्रकाश, वेशभूषा, विंगेतून यायची वेळ यांतच लक्ष गुंतलेलं असतं, आणि नवी कल्पना आली तरी ती सहकाऱ्यांबरोबर बसवायला तालीम उरलेली नसते. नववं प्रकरण आणि 'बिल्डिंग अ कॅरेक्टर' प्रयोग झाल्यावर, पुढचं नाटक ठरेपर्यंतच्या मोकळ्या काळात काढा. तेव्हा नुकत्याच केलेल्या भूमिकेची संहिता, पेन्सिलीच्या खुणांसकट, शेजारी ठेवा.