नोकरी सुटल्यावर हातात आलेला पैसा: ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि नुकसानभरपाई वापरताना या चुका टाळा

नोकरी सुटली की कंपनी फुल अँड फायनल करते आणि महिन्या-दोन महिन्यांत खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होते. ती कशी बनली, त्यातली किती खरी आपली आणि किती सरकारची, हे कळायच्या आत तिला पाय फुटतात. कर भरण्याच्या हंगामात अशी माणसे येतात तेव्हा बहुतेक चुका करून झालेल्या असतात. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात सहाय्यक व्यवस्थापक असलेला ४६ वर्षांचा माणूस. एप्रिल २०११ मध्ये लागला, ३१ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने कमी केला. नोकरी १४ वर्षे ७ महिने. एकूण पगार महिना १,०५,००० रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,०००. शिल्लक रजा ९० दिवस. शिवाय कंपनीने चार महिन्यांचा पगार, म्हणजे ४,२०,००० रुपये, नुकसानभरपाई म्हणून देऊ केला.

पहिली चूक: हिशोबाचा कागद न तपासता सही करणे

ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. आपल्या माणसाचे सात महिने झाले, म्हणून वर्षे १५. ५२,००० चे १५/२६ म्हणजे ३०,०००, आणि १५ वर्षांचे ४,५०,००० रुपये.

चूक दोन जागी होते. पगार विभाग २६ ऐवजी ३० ने भागतो, किंवा वरचे सात महिने सोडून १४ वर्षे धरतो. दोन्ही झाले तर आकडा येतो ३,६४,००० आणि ८६,००० रुपये गुपचूप गेले. ओळखायची खूण अशी: ग्रॅच्युइटीच्या रकमेला मूळ पगाराने भागा. पंधरा वर्षांच्या नोकरीला उत्तर साडेआठपेक्षा थोडे जास्त यायला हवे. सात आले तर कागद परत पाठवा.

परत पाठवायचा तो लेखी. ग्रॅच्युइटीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याज लागते आणि दाद मागायला कामगार खात्याचा अधिकारी असतो. हे सगळे तोंडी मागणीवर मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मोजला जातो. मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवणाऱ्या कंपनीतून त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्याने आपला हिशोब कुठल्या आकड्यावर केला, ते विचारून घ्यावे.

रजेचे पैसे कंपनीच्या नियमाप्रमाणे. इथे मूळ पगारावर, म्हणजे ५२,००० भागिले ३० गुणिले ९०, १,५६,००० रुपये. एकूण जमा: ४,५०,००० अधिक १,५६,००० अधिक ४,२०,०००, म्हणजे १०,२६,०००.

दुसरी चूक: तिन्ही रकमा करमुक्त समजणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, आणि ती करणाऱ्याला कळायला जुलै उजाडतो.

ग्रॅच्युइटी खासगी नोकरीत वरच्या सूत्राइतकी आणि आयुष्यात एकूण २० लाखांपर्यंत करमुक्त. रजेचे पैसे नोकरी सोडताना घेतले तर २५ लाखांपर्यंत करमुक्त, पण त्यालाही आतल्या मर्यादा आहेत: दहा महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा जास्त नाही, आणि वर्षाला ३० दिवसांच्या हिशोबाने उरलेल्या रजेपेक्षा जास्त नाही. आपल्या उदाहरणात दोन्ही रकमा पूर्ण सुटतात, नवी करप्रणाली असली तरीही. मात्र हीच रजा नोकरीत असताना दर मार्चला विकली असती, तर तो पैसा सरळ पगारात जाऊन त्यावर कर लागला असता.

नुकसानभरपाईचे तसे नाही. कायद्याच्या भाषेत जो 'कामगार' आहे त्याला कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत सुटते. रीतसर नियमांत बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतही ५ लाखांची सूट आहे. पण व्यवस्थापक दर्जाच्या माणसाला कंपनीने पत्रावर 'एक्स ग्रेशिया' किंवा 'सेव्हरन्स' लिहून दिलेले पैसे हा पगारच. नोटीस पे सुद्धा.

आता गंमत पाहा. आपल्या माणसाचा एप्रिल ते ऑक्टोबरचा पगार ७,३५,०००, त्यात ४,२०,००० मिळवले की ११,५५,०००. प्रमाणित वजावट ७५,००० गेली की करपात्र उत्पन्न १०,८०,०००. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे जुनी कंपनी टीडीएस कापत नाही. बरोबरच आहे तिचे. मग जानेवारीत त्याला तेवढ्याच पगाराची नोकरी लागते. नवी कंपनी तिच्यापुरते तीन महिन्यांचे ३,१५,००० बघते आणि तीही काही कापत नाही. दोन्हीकडे शून्य, माणूस खूश.

विवरणपत्र भरताना मात्र दोन्ही उत्पन्ने एकत्र येतात: १४,७०,००० वजा ७५,०००, म्हणजे १३,९५,०००. १२ लाखांची रेषा एवढी ओलांडली की सूट पूर्ण जाते. कर ८९,२५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ९२,८२० रुपये. शिवाय आगाऊ कर न भरल्याचे महिना १ टक्का व्याज. आणि तोवर ते पैसे सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या गाडीच्या रूपाने उभे असतात.

उपाय अवघड नाही. नव्या ठिकाणी रुजू होताना आधीच्या नोकरीचे उत्पन्न कळवायचा अर्ज असतो, आजवर तो फॉर्म १२बी म्हणून ओळखला जात आला. त्यात नुकसानभरपाईसकट आकडा द्या, म्हणजे कंपनी उरलेल्या महिन्यांत कर कापून घेईल. पगारातून एवढी कपात झेपणारी नसेल तर स्वतः १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरा. नोकरी मार्चपर्यंत लागलीच नाही तर हा कर लागणार नाही. पण ते एप्रिलमध्ये कळते, तोपर्यंत ९५,००० रुपये बाजूला काढलेलेच असावेत.

तिसरी चूक: सगळे पैसे गृहकर्जात ओतणे

ही चूक शहाणी माणसे करतात. कर्ज वाईट, पैसे आहेत, मग फेडून टाका. घरातले वडीलधारेही हाच सल्ला देतात आणि पगार चालू असेल तर तो बरोबरही असतो.

आपल्या माणसाचे गृहकर्ज ११ लाख शिल्लक आहे, हप्ता २४,०००, आणि हप्ता धरून घरखर्च महिना ६२,०००. त्याने १० लाख कर्जात भरले तर १ लाख कर्ज उरते आणि हातात २६,०००. म्हणजे कर्ज जवळपास संपलेले, आणि पुढच्या महिन्याचा किराणा, फी आणि हप्ता द्यायला पैसे नाहीत. भरलेले पैसे बँकेकडून परत मागता येत नाहीत, आणि नोकरी नसलेल्या माणसाला नवे कर्ज कोण देणार? मग क्रेडिट कार्ड. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडून वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपासचे कर्ज घ्यायचे. ज्यांचे गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्याला जोडलेले आहे, म्हणजे भरलेले पैसे पुन्हा काढता येतात, त्यांचीच गोष्ट वेगळी.

आधी बारा महिन्यांचा खर्च बाजूला काढा: ७,४४,०००. पंचेचाळिशीनंतर त्याच पगाराची नोकरी लागायला सहा महिने सहज जातात, म्हणून सहाऐवजी बारा. कराचे ९५,०००. आरोग्य विम्यासाठी ४०,००० धरा. बेरीज ८,७९,०००. उरले १,४७,०००. कर्जात भरायचेच असतील तर हे भरा, आणि भरताना बँकेला लेखी सांगा की मुदत नको, हप्ता कमी करा. बऱ्याच बँका न विचारता मुदत कमी करतात. तसे झाले तर कर्ज साधारण नऊ महिने आधी संपेल, पण आजचा हप्ता २४,००० चाच राहील. हप्ता कमी केला तर तो महिना सुमारे ३,२०० रुपयांनी उतरतो. नोकरी नसताना हेच कामाचे. नोकरी लागली की पुन्हा जास्त भरायला कोणी अडवत नाही. वैयक्तिक गृहकर्जाचा व्याजदर बदलता असेल तर मुदतपूर्व भरण्याला दंडही नाही.

चौथी चूक: दीड-दोन टक्क्यांसाठी पैसे भलत्या जागी ठेवणे

खात्यात दहा लाख दिसले की बँकेतून फोन येतो. 'सर, गॅरंटीड प्लॅन आहे.' तो बहुधा पाच किंवा दहा वर्षे हप्ते भरायचा विमा असतो. उत्पन्न थांबलेल्या माणसाने वार्षिक हप्त्याची जबाबदारी घेणे याला काय म्हणावे?

आपल्याकडे दुसरा मोह पतसंस्थेचा. ओळखीचे संचालक, गावातली इमारत, बँकेपेक्षा जास्त व्याज. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. आणि संरक्षण असले तरी पैसे लगेच हातात येतील असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्या पैशावर घर चालायचे आहे तो एका जागी ठेवूच नये.

७,४४,००० ची सोपी वाटणी अशी: दोन महिन्यांचे १,२४,००० बचत खात्यात. उरलेल्या ६,२०,००० च्या १,५५,००० च्या चार मुदत ठेवी, दोन वेगवेगळ्या बँकांत. पहिली दोन महिन्यांनी पिकेल अशी, पुढच्या दर अडीच महिन्यांनी एक. एकेक ठेव अडीच महिन्यांचा खर्च भागवते. मध्येच नोकरी लागली तर राहिलेल्या ठेवी तशाच पिकू द्या.

बाहेर पडण्याआधीच करायची दोन कामे

कंपनीचा गट आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा नोकरीत असतानाच करा, कारण तसे गेल्यास आधी पूर्ण केलेल्या प्रतीक्षा काळाचे श्रेय मिळते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने नव्याने पॉलिसी घेतली तर त्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

दुसरे काम पगार खात्याचे. पगार बंद झाला की काही महिन्यांनी ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक लागू होऊ शकते. शिवाय पगार खात्यासोबतचा अपघाती विमाही जाऊ शकतो. शाखेत जाऊन विचारा, आणि जुन्या कंपनीकडे नोंदवलेला मोबाइल व ईमेल स्वतःचा आहे ना, तेही पाहा. फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये तिथेच येणार आहे.