बुडालेल्या तासाचे नोट्स लिहून देताना

एलएलबीच्या दुसऱ्या वर्षी माझी मैत्रीण भावाच्या लग्नासाठी गावी गेली आणि तिचा नेमका केशवानंद भारती खटल्यावरचा तास बुडाला. सरांच्या परवानगीने मी तो रेकॉर्ड केला होता. मोबाइलमधल्या ॲपने त्याचं ट्रान्सक्रिप्ट काढून दिलं, सलग, ना परिच्छेद ना धड विरामचिन्हं. त्यातून तिला दोन पानी नोट्स करून द्यायच्या होत्या. मी पहिल्यांदा जे लिहिलं ते चुकीचं निघालं, आणि ती चूक नव्याने हे काम करणाऱ्या कुणाचीही होईल.

ट्रान्सक्रिप्टमध्ये एक वाक्य होतं: "संसदेला घटनादुरुस्तीचा पूर्ण अधिकार आहे, त्याला कसलीही मर्यादा नाही." सर ठासून बोलले होते, म्हणून मी ते 'निकाल' या मथळ्याखाली टाकलं. खरं तर ती बाजू होती केरळ सरकारचे वकील एच. एम. सीरवाई यांची. सर दोन्ही बाजू स्वतःच्याच तोंडून मांडत होते. आधी याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला, मग सीरवाई. वर्गात बसलेल्याला हे सरांच्या हातवाऱ्यांवरून आणि आवाजावरून कळतं, कागदावर मात्र सगळं एकाच माणसाचं बोलणं होऊन जातं. कोर्टाने म्हटलं ते बरोबर उलट. 24 एप्रिल 1973 रोजी 13 न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 असा निकाल दिला, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. माझ्या नोट्स वाचून मैत्रीण पेपरात नेमकं उलटं लिहून आली असती.

तेव्हापासून पहिल्या वाचनात मी काहीच संक्षिप्त करत नाही. फक्त समासात प्रत्येक भागापुढे एक अक्षर लिहिते: यु म्हणजे वकिलाचा युक्तिवाद, नि म्हणजे कोर्टाचा निर्णय, स म्हणजे सरांचं स्वतःचं मत. कुठलं अक्षर टाकावं कळलं नाही, तर तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा ऐकते. यात वेळ जातो, पण पुढचं काम सोपं होतं.

दुसरं वाचन आकड्यांसाठी. ट्रान्सक्रिप्टमध्ये सारखं 'अनुच्छेद 132' येत होतं. सर म्हणत होते 'थर्टीन टू', म्हणजे 13(2): मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये, हे सांगणारा. गंमत नाही, घात असा की अनुच्छेद 132 सुद्धा घटनेत आहे, तो सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलांविषयी. त्यामुळे नुसतं वाचून चूक खटकत नाही. म्हणून प्रत्येक अनुच्छेद, वर्ष आणि खटल्याचं नाव बेअर ॲक्टशी, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराशी, किंवा पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय मी नोट्समध्ये घेत नाही.

मग मांडणी. सरांनी सुरुवात 1973 पासून केली, मध्येच 1951 वर गेले, परत आले. तो क्रम मी ठेवला नाही. सगळ्यात वर एकच प्रश्न लिहिला: 13(2) मधल्या 'कायदा' या शब्दात घटनादुरुस्ती येते का? खाली खटले वर्षांच्या क्रमाने, प्रत्येकाचं या एकाच प्रश्नाला उत्तर. शंकरी प्रसाद, 1951: येत नाही. सज्जन सिंग, 1965: बहुमताने तेच. गोलकनाथ, 1967: येते, 6 विरुद्ध 5, म्हणून मूलभूत हक्क कमी करणारी दुरुस्ती करता येणार नाही. मग 1971 ची 24 वी घटनादुरुस्ती, संसदेने गोलकनाथला दिलेलं उत्तर: येत नाही. आणि शेवटी केशवानंद, ज्याने गोलकनाथ रद्द ठरवला आणि 24 वी दुरुस्ती वैध ठरवली.

सर एका ठिकाणी "हे इथे बघा, हा बाण" म्हणाले होते. फळ्यावर काय होतं ते ट्रान्सक्रिप्टला कुठून कळणार? अशा जागी मी अंदाजाने काही भरत नाही. चौकट आखून 'फळा, 31 व्या मिनिटाला, फोटो मिळवणे' असं लिहिते आणि वर्गातल्या कुणाकडून तरी फोटो मिळवते. पुस्तकातून मी स्वतः घातलेली भर वेगळ्या शाईत असते, म्हणजे सर काय म्हणाले आणि मी काय म्हणते यात घोळ होत नाही.

नोट्स मैत्रिणीला दिल्या. तिने वाचल्या आणि विचारलं, "अगं, गोलकनाथ रद्द झाला, मग आता मूलभूत हक्क बदलता येतात की नाही?" मी थांबले. माझ्या दोन पानांत उत्तर नव्हतं. सरांनी ते सांगितलं होतं, पण एका लांबलेल्या उदाहरणात, आणि उदाहरण म्हणून मी ते गाळलं होतं. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि केशवानंदच्या ओळीखाली लिहिलं: 'मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येते, मूलभूत चौकटीला धक्का लागत नसेल तर.'