राउटरच्या फोटोवरून फायबरचा प्लॅन ठरवताना या चुका टाळा

फायबरची जोडणी घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे कपाटावर पडून असलेला जुना राउटर चालेल का. मग मोबाइलवर त्याचा एक फोटो काढला जातो आणि तो केबलवाल्याकडे, कॉम्प्युटरवाल्या भाच्याकडे किंवा राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानदाराकडे व्हॉट्सॲपवरून जातो. पलीकडून ‘चालेल’ असे उत्तर येते, प्लॅन घेतला जातो आणि आठवडाभरात वेगाची तक्रार सुरू होते. या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ जोडणीत नसून त्या पहिल्या फोटोत असते.

शाहूपुरीत शिलाईचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांना २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा होता. त्यांनी पाठवलेल्या फोटोत टीपी-लिंकचा काळा, चार अँटेनांचा राउटर वरच्या बाजूने दिसत होता आणि खाली लिहिले होते, ‘बघा की, फायबरला चालंल न्हवं?’ फोटोवरून शोध घेतल्यावर इंटरनेटने सर्वांत वर आर्चर सी६ दाखवला. तो गिगाबिटचा राउटर आहे, म्हणजे २०० एमबीपीएस त्याला सहज पेलते. एवढ्यावर होकार कळवून टाकणे सोपे होते, पण तो होकार चुकीचा ठरला असता.

वरून काढलेल्या फोटोवर विसंबणे

राउटरच्या वरच्या बाजूला कंपनीचे नाव, दिवे आणि अँटेना एवढेच असते, आणि एकाच कंपनीची चार-पाच मॉडेले वरून जवळपास सारखी दिसतात. फोटोवरून होणारा शोध आकार आणि रंग जुळवतो, त्याला आतले पोर्ट किती वेगाचे आहेत हे कळत नाही. अँटेनांची संख्याही येथे उपयोगाची नाही, कारण चार अँटेनांचा राउटर १०० एमबीपीएसच्या पोर्टचा असू शकतो आणि एकही अँटेना बाहेर न दिसणारा गिगाबिटचा असू शकतो.

उपयोगाचे फोटो दोनच आहेत. एक तळाच्या स्टिकरचा आणि दुसरा मागच्या पोर्टांचा, तोही पोर्टांवरची अक्षरे वाचता येतील इतका सरळ. स्टिकरचा फोटो फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात, थोडा तिरका धरून काढावा, नाहीतर चकाकीत नेमका मॉडेल क्रमांकच पांढरा पडतो. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण साधा फोटो पाठवताना तो दाबला जातो आणि बारीक अक्षरे पुसट होतात. पाठवण्यापूर्वी स्टिकरवरचा वाय-फाय पासवर्ड आणि सिरियल क्रमांक कागदाच्या चिटोऱ्याने झाकावा. मॉडेल ओळखायला त्यांची गरज नसते.

एक गफलत इतक्या वेळा होते की तिचा वेगळा उल्लेख करावा लागतो. स्टिकर वाचता येत नाही म्हणून लोक ॲडॅप्टरचा फोटो पाठवतात आणि त्यावरचा ‘टी०९००६०’ असा काहीसा क्रमांक राउटरचे मॉडेल समजून शोधत बसतात. तो केवळ ॲडॅप्टरचा क्रमांक असतो आणि त्याचा अर्थ ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर एवढाच. शिवाय घरातले ॲडॅप्टर आपसांत बदललेले असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे मालकांनी दिलेला ॲडॅप्टर त्याच राउटरचा आहे असे धरून चालू नये.

मॉडेल अर्धवट वाचणे आणि मोठ्या आकड्याला भुलणे

शिलाईच्या दुकानातून आलेला स्टिकरचा पहिला फोटो पुसट होता. त्यात ‘आर्चर सी’पर्यंत स्पष्ट दिसत होते, पुढचे अक्षर ५ आहे की ६ आहे हे सांगता येत नव्हते आणि त्यानंतर शून्य असल्याचा भास होत होता. येथे एका अंकाने सगळे बदलते. आर्चर सी६ हा एसी१२०० वर्गातला राउटर असून त्याचे सर्व पोर्ट गिगाबिटचे आहेत. आर्चर सी५० हाही एसी१२०० वर्गातलाच आहे, मात्र त्याचे पोर्ट १० आणि १०० एमबीपीएसचे आहेत. आर्चर सी६० तर एसी१३५० वर्गातला, म्हणजे कागदावर दोघांपेक्षा वरचा, पण त्याचेही पोर्ट १०० एमबीपीएसवरच थांबतात.

एसी१२०० मधला आकडा हा दोन्ही वाय-फाय पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज आहे, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७. फायबरच्या डबीतून येणारी तार ज्या पोर्टात बसते त्याच्या वेगाविषयी हा आकडा काहीही सांगत नाही. खोक्यावर तो मोठ्या अक्षरांत छापलेला असल्यामुळे ग्राहक ‘बाराशेचा राउटर आहे, दोनशे का येणार नाही’ असे विचारतात, आणि त्यांचा तर्क त्यांच्या जागी बरोबरच असतो. पोर्टाचा वेग डोळ्यांनीही ओळखता येत नाही, कारण १०० एमबीपीएसचा आणि गिगाबिटचा पोर्ट दिसायला सारखाच असतो. त्यासाठी पूर्ण मॉडेल आणि त्याखालची ‘व्हर’ ही आवृत्ती घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे तपशील उघडावे लागतात. एकाच नावाखाली आतले भाग आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून आवृत्ती सोडून चालत नाही.

स्टिकर फाटला असेल तर राउटर चालू करून त्याच्या सेटिंगच्या पानावर जावे. टीपी-लिंकसाठी ब्राउझरमध्ये `tplinkwifi.net` किंवा `192.168.0.1` टाकले की स्थितीच्या पानावर हार्डवेअर आवृत्तीच्या ओळीत मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही मिळतात. दुकानदारांनी तेच केले आणि त्या ओळीचा फोटो पाठवला. त्यात `Archer C50 v4` असे होते.

‘फायबरचा राउटर’ शोधत बसणे

राउटरला फायबर चालते का, हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. काचेची तार राउटरपर्यंत येत नाही. ती कंपनीने भिंतीवर बसवलेल्या डबीत, म्हणजे ओएनटीमध्ये संपते, आणि तिथून पुढे साधी लॅनची तार निघते. म्हणून राउटरच्या मागच्या फोटोत ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेला चौकोनी पोर्ट आहे का एवढेच प्रथम पाहायचे. जुन्या टेलिफोन लाइनवरच्या राउटरला त्याऐवजी ‘डीएसएल’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेले, फोनच्या पिनेचे अरुंद भोक असते. असा राउटर फायबरला थेट जोडता येत नाही. काही मॉडेलांत चौथा लॅन पोर्ट वॅन म्हणून वापरण्याची सोय असते. ती पोर्टावरच लिहिलेली असते.

याच्या उलट, काही जण शेजाऱ्यांनी सोडून दिलेली ओएनटीच ‘फायबरचा राउटर’ म्हणून आणतात. हिरव्या टोपीचे ऑप्टिकल भोक, ‘पॉन’ आणि ‘लॉस’ नावाचे दिवे आणि स्टिकरवर ‘जीपॉन एसएन’ ही ओळ दिसली की ती ओएनटी समजावी. वर इंटरनेट कंपनीचे बोधचिन्ह असले तरी बनवणारा कोण हे त्या क्रमांकाच्या पहिल्या चार अक्षरांवरून कळते, जसे `HWTC` म्हणजे हुवावे आणि `ZTEG` म्हणजे झेडटीई. हा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची डबी लावून जोडणी सहसा सुरू होत नाही.

वेग ९४ वर अडकला तर

शाहूपुरीच्या दुकानात डबीपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तार लावून वेग मोजला, तेव्हा तो प्रत्येक वेळी ९४ एमबीपीएसच्या आसपास येत होता. हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून नियंत्रणाचा भाग वजा जाता वापरायला साधारण एवढेच उरते. वेग ४० ते ७० मध्ये वरखाली होत असेल तर दोष बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा असतो, पण तारेवर ९४ ला चिकटून बसलेला वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा अडसर आहे.

तो अडसर दर वेळी राउटरचाच असतो असे मात्र नाही, आणि येथे घाईने नवा राउटर आणणे ही सर्वांत महागाची चूक ठरते. अनेक ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १०० चे असतात. त्यांच्याजवळ ‘जीई’ आणि ‘एफई’ असे लिहिलेले असते, आणि बसवणाऱ्याने तार भलत्याच पोर्टात घातलेली असते. लॅनच्या तारेचेही तसेच आहे. गिगाबिटला आठही वायरी लागतात, १०० ला चारच पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक वायर पिनेत नीट बसली नसेल तर जोडणी न तुटता मुकाट्याने १०० वर उतरते.

यासाठी राउटर बाजूला ठेवून तीच तार डबीतून थेट लॅपटॉपला लावावी आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पुढील ओळ चालवावी.

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

ही तपासणी इंटरनेट सुरू नसतानाही होते, कारण ती फक्त दोन पोर्टांमधला करार दाखवते. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट गिगाबिटचा असणे मात्र आवश्यक आहे. येथे `1 Gbps` आले तर डबी आणि तार निर्दोष ठरतात आणि संशय राउटरवर जातो. `100 Mbps` आले तर आधी डबीवरचा पोर्ट बदलावा, मग तार बदलावी, आणि त्यानंतरच राउटरचा विचार करावा.

दुकानात `1 Gbps` आले, आणि मॉडेल सी५० असल्याचे आधीच कळलेले होते. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, त्याच राउटरवर राहून १०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे. दुसरा, २०० चा प्लॅन ठेवून डबीच्या स्वतःच्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर मुख्य काम चालवणे आणि सी५० मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे. दुकानात बिलाचा कॉम्प्युटर, दोन कॅमेरे आणि तीन मोबाइल एवढाच भार होता, त्यामुळे त्यांनी पहिला मार्ग घेतला. दुसरा मार्ग घेणाऱ्यांनी तार जुन्या राउटरच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात लावावी, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि त्याचा पत्ता डबीच्या पत्त्यापेक्षा वेगळा ठेवावा. दोन्हींचा पत्ता `192.168.1.1` राहिला तर सेटिंगचे पान कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे उघडते आणि इंटरनेट अधूनमधून बंद पडते.